घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो : एफएम सिंथेसिसमधलं गुणोत्तर



गुणोत्तर आणि पट हे आपण वर्गात शिकवतोच. आज याच दोन गोष्टींतून घंटेचा आणि इलेक्ट्रिक पियानोचा आवाज कसा तयार होतो ते पाहू. या पद्धतीला एफएम सिंथेसिस म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना ती १९६७ मध्ये सापडली आणि १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स७ कीबोर्डमुळे ती सगळीकडे पोचली.

गायक सूर लावून तो किंचित वर-खाली हलवतो, तेव्हा सेकंदाला पाच-सहा हेलकावे होतात आणि ते आपल्याला वेगळे ऐकू येतात. हाच हेलकावा सेकंदाला शेकडो वेळा दिला तर? मग हेलकावा ऐकू येत नाही, त्याऐवजी मूळ सुराभोवती नवे उपस्वर उभे राहतात. हेच एफएमचं मर्म. जी लहर आपण ऐकतो ती कॅरियर, आणि जी तिला हलवते ती मॉड्युलेटर. दोन्ही साध्या साइन लहरीच; डीएक्स७ मध्ये अशा प्रत्येक लहरीला ऑपरेटर म्हणतात.

आता गणित करू. कॅरियर २०० हर्ट्झ आणि मॉड्युलेटरही २०० हर्ट्झ घ्या, म्हणजे गुणोत्तर १. उपस्वर काढायचे तर कॅरियरमध्ये मॉड्युलेटर एकदा, दोनदा, तीनदा मिळवायचा आणि तसाच वजाही करायचा. मिळतात ४००, ६००, ८००. सगळे २०० च्या पटीत, म्हणून कान त्यांना एकच सूर मानतो.

आता मॉड्युलेटर २८० करा, गुणोत्तर १.४. बेरजेने ४८०, ७६०, १०४० मिळतात. वजाबाकीने −८०, −३६०, −६४० येतात. ऋण चिन्हाने गोंधळू नका, ती लहर उलटी होते एवढंच. ऐकू येतात ८०, ३६०, ६४०. यातलं काहीच २०० च्या पटीत नाही. पितळी घंटेचे उपस्वरही असेच पटीबाहेरचे असतात, म्हणून हा आवाज धातूचा वाटतो.

गुणोत्तर कोणते उपस्वर येणार ते ठरवतं. ते किती येणार, हे खोली ठरवते. मॉड्युलेटर कॅरियरची वारंवारता जितक्या हर्ट्झने हलवतो, त्याला मॉड्युलेटरच्या वारंवारतेने भागायचं. २८० चा मॉड्युलेटर ५६० हर्ट्झने हलवत असेल तर खोली २. ढोबळ नियम असा, की खोलीत एक मिळवलं की जाणवणाऱ्या जोड्यांची संख्या मिळते, इथे तीन.

पण एवढ्याने घंटा होत नाही. खोली शेवटपर्यंत तीच ठेवली तर आवाज सतत खरखरत राहतो. खरी घंटा टोल पडताना झणझणते, मग हळूहळू शांत आणि गोल होते. म्हणून आवाजाबरोबर खोलीही उतरली पाहिजे. चाउनिंग यांनी १९७३ च्या लेखात २०० आणि २८० हेच आकडे घेतले, आणि खोली १० पासून १५ सेकंदांत शून्याकडे नेली.

इलेक्ट्रिक पियानोत हातोडी धातूच्या बारीक काडीवर आपटते. इथे दोन जोड्या लागतात. पहिलीत गुणोत्तर १ आणि खोली कमी. तिच्यातून उबदार सूर मिळतो. दुसरीत गुणोत्तर १४. २०० हर्ट्झला मॉड्युलेटर २८००, म्हणजे उपस्वर २६०० आणि ३०००. हे १३ पट आणि १५ पट आहेत, त्यामुळे सुराशी भांडत नाहीत. खूप उंच असल्याने फक्त ‘टिंग’ अशी किणकिण येते. या जोडीची खोलीही थोडीच ठेवायची आणि लगेच उतरवायची. पट्टी जोरात दाबली की खोली वाढेल अशी सोय केली, तर वाद्य जिवंत वाटतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारं यंत्र २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही दाखवू शकत नाही. २००० हर्ट्झच्या सुराला १४ पट म्हणजे २८,०००. तिथले उपस्वर परत खाली दुमडतात आणि पट मोडते. वरच्या पट्ट्यांवर कर्कश, बेसूर शिट्टी आली तर कारण बहुधा हेच. तिथे खोली कमी करा.

करून पाहायचं असेल तर Dexed हे मोफत सॉफ्टवेअर डीएक्स७ सारखंच चालतं. त्यात पाचवा अल्गोरिदम निवडा, त्यात दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या मिळतात. एकच जोडी चालू ठेवून मॉड्युलेटरचं `COARSE` १ ठेवा आणि `FINE` फिरवून गुणोत्तर १.४० वर आणा. मुलांना डोळे मिटून ऐकू द्या आणि १ व १.४० यांत घंटा कोणती ते विचारा. मग उपस्वर वहीत काढायला सांगा; पट कुठे मोडते ते त्यांना आकड्यांतही दिसेल.