कचऱ्यातला धंदा : शिलाईच्या दुकानातली चिंधी

शिंप्याच्या कात्रीखालून पडणाऱ्या तुकड्यांना मराठीत चिंधी म्हणतात आणि या शब्दातच त्याची किंमत ठरून गेलेली असते. नवीन पनवेलमध्ये सेक्टरासेक्टरांत, इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज, पंजाबी ड्रेस व फॉल-पिकोची कामे चालतात. दिवसअखेर मशीनखालचा कचरा झाडून पिशवीत भरला जातो आणि सकाळी घंटागाडीत पडतो. माल फुकटचा, त्यामुळे यातून धंदा उभा राहील असे अनेकांना वाटते. तो राहतो की नाही, हे गणित मांडल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात एका ब्लाऊजपासून करावी. ब्लाऊजपीस साधारण एक मीटर लांब व ९० सेंटिमीटर पन्ह्याचा. टू बाय टू रुबियासारख्या पातळ सुती कापडाचे वजन चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास धरले, तर एक पीस ९० ग्रॅमचा होतो. अस्तर वेगळे. दोन्हींतून पाचवा हिस्सा वाया जातो असे मानले, तर एका ब्लाऊजमागे जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम चिंधी पडते. दिवसाला आठ ब्लाऊज शिवणाऱ्या दुकानात ती पाव किलो होते आणि २५ दिवसांच्या महिन्यात सहा किलो. महिन्याला समजा १८० किलो जमवायची, तर अशी तीस दुकाने बांधून घ्यावी लागतात.

शिवाय येते ती उरलीसुरली चिंधी. ब्लाऊजच्या गाठीला लावायचे लटकन, पोटली बटणे, पायपिंग आणि गळ्याच्या पट्ट्या दुकानातच उरलेल्या कापडातून होतात. बरी, लांबरुंद पट्टी टेलर स्वतःच बाजूला काढून ठेवतो. काही गिऱ्हाइके तर उरलेला तुकडा मोजून परत मागतात, आणि त्यांचेही चुकत नाही.

खरे काम सुरू होते ते निवडण्यापासून. पोत्यात सूत, टेरिकॉट, पॉलिस्टर, आर्ट सिल्क, जरीचे काठ, बकरम, लेस असे सगळे एकत्र असते. डोळ्याला आणि हाताला फसवणारे कापड पुष्कळ असते, म्हणून दोन परीक्षा कराव्या लागतात. पहिली पाण्याच्या थेंबाची. सुती तुकड्यावर थेंब टाकला की पसरतो आणि मुरतो. पॉलिस्टरवर तो मण्यासारखा उभा राहतो. मात्र कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे अस्सल सुतावरही थेंब काही वेळ थांबतो. शंका आली तर तुकडा धुऊन पुन्हा पाहावा.

दुसरी परीक्षा जाळण्याची. ती चिमट्यात धरून, पोत्यांपासून दूर करायची. सूत कागदासारख्या वासाने जळते आणि मऊ राख उरते, जी बोटाने चिमटली की उडून जाते. पॉलिस्टर आधी आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा काळा, टणक मणी होतो. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. कागदाचा वास आला आणि शिवाय कडक खडाही हाताला लागला, तर ते टेरिकॉट समजावे. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचे काम निघते तेव्हा पोत्यात हेच जास्त सापडते.

सुती चिंधीला जवळच गिऱ्हाईक आहे. कळंबोलीचा लोखंडबाजार आणि त्याच्या आसपासची ट्रकांची गॅरेज, तसेच तळोजा एमआयडीसीतले कारखाने, इथे तेल-ग्रीस पुसायला कापड रोज लागते. पण मेकॅनिकला एक फूट लांब-रुंद कापड हवे असते, बोटभर पट्टी नव्हे. म्हणून तळहाताएवढे तुकडे दोन थरांत जोडून पुसणी शिवतात. इथे तीन चुका माल परत आणतात. हूक, टाचणी किंवा मोडकी सुई राहिली, तर पुसणाऱ्याचा हात कापतो. पोते उघडल्याबरोबर त्यातून लोहचुंबक फिरवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. जरीचा तुकडा गाडीच्या रंगावर ओरखडे काढतो. तिसरी चूक रंगाची. गडद अस्तराचा रंग बहुधा कच्चा असतो, म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा घासून पाहावा. फडके लाल झाले, तर तो तुकडा रंगकामाच्या ठिकाणी चालत नाही. पांढऱ्या पुसणीला भाव जास्त मिळतो तो याचसाठी.

आता तासांचा हिशेब. एक तुकडा तीन-चार ग्रॅमचा, म्हणजे किलोत सुमारे तीनशे तुकडे. प्रत्येकाला दोन सेकंद लागले तरी किलोला दहा मिनिटे जातात. १८० किलोला ३० तास. तीस दुकानांची आठवड्याला एक फेरी साडेतीन तासांची धरली, तर महिन्याचे १४ तास त्यात जातात. निम्मा माल, म्हणजे ९० किलो, सुती निघाला आणि त्यातला ३० किलो शिवण्याजोगा, असे समजू. वीस ग्रॅमच्या पुसण्या किलोला पन्नास होतात. तुकडे जुळवून शिवायला एकीला दोन मिनिटे, म्हणजे ३० किलोला ५० तास. एकूण ९४ तास. पुसणीला किलोमागे ६० रुपये आणि सुट्या सुती चिंधीला १५ रुपये मिळतात असे हिशेबापुरते धरले, तर १,८०० आणि ९०० मिळून २,७०० रुपये हाती येतात. तासाला २९ रुपये पडतात, आणि त्यातून दोरा, वीज व रिक्षाभाडे वजा व्हायचे बाकी आहे.

भाव जागेप्रमाणे बदलतील, पण गणिताचा आकार बदलत नाही. इथे कापड फुकट आहे, महाग आहे ते गोळा करणे आणि निवडणे. म्हणून पुसणीच्या धंद्यासाठी ब्लाऊजच्या दुकानांमागे धावण्यात अर्थ नाही. गाऊन, परकर, झबली शिवणारे छोटे कारखाने आणि बचतगट धरावेत. तिथे कापडाचे अनेक थर एकावर एक घालून कापतात, त्यामुळे एकाच जातीची चिंधी पोत्याने निघते. निवडणे जवळपास संपते. तिथला माल मात्र फुकट मिळत नाही. किलोला पाच रुपये मोजून १८० किलो सुती चिंधी घेतली आणि सुटीच १५ रुपयांनी विकली, तरी १,८०० रुपये उरतात आणि आणणे, चाळणे, बांधणे यांना बारा तास पुरतात. तासाला १५० रुपये झाले.

ब्लाऊजच्या चिंधीला जागा आहे ती जिथे रंगीबेरंगीपणाचेच मोल मिळते तिथे : गोधडी, बटवे, तोरणे. पण तो हातकामाचा धंदा आहे आणि त्यात किलोला नव्हे, नगाला भाव असतो. दोन बटव्यांना लागणारे कापड टेलरशी ओळख असली की मिळून जाते, त्यासाठी तीस दुकाने लागत नाहीत. वितळणारे पॉलिस्टरचे तुकडे पुसायला निरुपयोगी असले, तरी व्यायामशाळेतल्या पंचिंग बॅगमध्ये भरायला चालतात. तिथेही सुई-टाचणी आधी निघालेली हवी.

साठवणीबद्दल एक सूचना. पनवेलच्या पावसात जमिनीवर ठेवलेले पोते खालून ओल धरते आणि काही दिवसांत सुती चिंधीवर बुरशीचे काळे ठिपके येतात, जे धुऊनही जात नाहीत. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवावीत. गॅरेजमधून तेलकट झालेल्या पुसण्या धुऊन देण्यासाठी परत घेऊ नयेत. जवसाच्या तेलाने किंवा ऑइलपेंटने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आतल्या आत तापतो आणि काडी न लावता पेटतो.