वरच्या दहा टक्क्यांची रेघ

संख्याशास्त्राच्या पेपरात हमखास येणारं एक गणित आहे. वर्गाचे गुण प्रसामान्य वितरणाप्रमाणे, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘बेल कर्व्ह’वर पसरलेले आहेत. सरासरी ६२ आहे आणि प्रमाण विचलन १२. वरच्या दहा टक्क्यांत येण्यासाठी किमान किती गुण हवेत? गणित तीन ओळींचं आहे, तरीही कुणी ४६ लिहून ठेवतं, कुणी ६५. दोन्ही उत्तरं चूक आहेत. गंमत अशी की दोन्ही चुका एकाच ठिकाणी होतात, आणि ते ठिकाण गुणाकार-बेरजेत नसतं.

नेहमीच्या गणितात गुण दिलेले असतात आणि त्यांच्या वर किती मुलं आहेत ते विचारतात. इथे उलटं आहे: मुलांचा वाटा ठरलेला आहे आणि गुण शोधायचे आहेत. सवयीप्रमाणे पुढच्या दिशेने निघालेला विद्यार्थी इथेच घसरतो.

तक्ता हातात घेण्याआधी थोडं अंदाजाने चालून बघू. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. प्रसामान्य वक्रात सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन गेलं की त्या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के मुलं सापडतात. आपल्या वर्गात हा पट्टा ५० ते ७४ गुणांचा. उरले ३२ टक्के. त्यातले निम्मे खाली आणि निम्मे वर, कारण वक्र दोन्ही बाजूंना सारखा उतरतो. म्हणजे ७४च्या वर सुमारे १६ टक्के मुलं आहेत. आपल्याला दहाच हवीत, तेव्हा रेघ ७४च्या पुढे सरकवायला लागणार. दीड प्रमाण विचलन पुढे गेलो तर ८० गुण येतात आणि त्यांच्यावर ६.७ टक्केच मुलं उरतात. हे जरा जास्तच झालं. मागे येऊन ७७ घेतले, म्हणजे सव्वा प्रमाण विचलन, तर वर १०.६ टक्के राहतात. रेघ ७७च्या किंचित पुढे असणार हे इथेच कळलं. कागदावर घंटेच्या आकाराचा वक्र काढून उजव्या शेपटीचा छोटा तुकडा पेन्सिलीने काळा केला, तर ४६ हे उत्तर लिहायला हात धजावणारच नाही. सरासरीच्याही खालची रेघ निम्म्याहून जास्त वर्ग ओलांडणार, हे चित्रातच दिसतं.

आता नेमका आकडा. ‘झेड टेबल’ दोन प्रकारचं मिळतं आणि खरी फसगत तिथे आहे. एका प्रकारात डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं सगळं क्षेत्रफळ दिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात, जो आपल्याकडच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असतो, मधल्या रेषेपासून म्हणजे शून्यापासून झेडपर्यंतचंच क्षेत्रफळ असतं. वरचे दहा टक्के हवे असतील तर पहिल्या तक्त्यात ०.९० शोधायचे, कारण रेघेच्या डावीकडे नव्वद टक्के मुलं राहतात. दुसऱ्या तक्त्यात ०.४० शोधायचे, कारण सरासरीच्या डावीकडचे ०.५० त्या तक्त्याने मोजलेलेच नाहीत. आणि शोधायचे ते तक्त्याच्या पोटातल्या आकड्यांत, कडेच्या रकान्यात नव्हे. पूर्ण तक्त्यात ०.८९९७ हा आकडा १.२८ समोर सापडतो आणि त्यापुढचा ०.९०१५ हा १.२९ समोर. ०.९० पहिल्याला अगदी खेटून आहे, तेव्हा झेड १.२८. अर्ध्या तक्त्यात त्याच जागी ०.३९९७ आणि ०.४०१५ दिसतात, झेड तोच. मग ६२ अधिक १.२८ गुणिले १२, म्हणजे ७७.३६.

चुकीची उत्तरं कशी आली तेही आता सांगता येतं. ज्याने पूर्ण तक्त्यात ०.१० शोधले त्याला झेड उणे १.२८ मिळाला आणि गुण ४६.६ आले. ही खालच्या दहा टक्क्यांची रेघ झाली. ज्याने अर्ध्या तक्त्यात ०.१० शोधले त्याला झेड ०.२५ मिळाला आणि गुण ६५. ही रेघ वर्गातली चाळीस टक्के मुलं ओलांडतात. दोघांचाही गुणाकार बरोबर होता, फक्त पायाखालचं क्षेत्रफळ वेगळं होतं.

या तक्त्यांचा उगम परीक्षांत नाही. अशा क्षेत्रफळांचा पहिला छापील तक्ता स्ट्रासबुर्गच्या क्रिस्तियान क्रांप याने १७९९ साली, ताऱ्यांचा प्रकाश वातावरणात किती वाकतो या अभ्यासासाठी, केला. वक्र मात्र त्याहून जुना, द म्वाव्रच्या १७३३ सालच्या टिपणातला. आज तक्त्याचं काम एक्सेल करतं:

```
=NORM.INV(0.9,62,12)
```

उत्तर येतं ७७.३८. दोन शतांशांचा फरक आहे, कारण झेड खरं तर १.२८१६ आहे आणि आपण १.२८वर थांबलो होतो. एक्सेल नेहमी डावीकडचं क्षेत्रफळ धरतं, म्हणून 0.9 लिहायचं. 0.1 लिहिलंत तर तेही निमूटपणे ४६.६२ देईल.

इथवर पाठ्यपुस्तक. खऱ्या वर्गाची यादी समोर आली की वेगळीच भानगड सुरू होते. समजा पटावर १२० मुलं आहेत, त्यातली ६ परीक्षेला आलीच नाहीत. परीक्षा दिलेल्या ११४ जणांची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन १२ आहे. गुण भरताना कुणी गैरहजर मुलांपुढे ‘AB’ लिहिण्याऐवजी शून्य टाकलं. एक्सेलचं AVERAGE रकान्यातली अक्षरं वगळतं, पण शून्य हे त्याच्या लेखी खरेखुरे गुण असतात. सरासरी ६२वरून ५८.९ झाली. आता कुणालाही वाटेल की सरासरी उतरली तर रेघही उतरेल. होतं उलटं. ती सहा शून्यं बाकी वर्गापासून इतकी लांब पडली आहेत की प्रमाण विचलन १२वरून थेट १७.९वर जातं. नवी रेघ ५८.९ अधिक १.२८ गुणिले १७.९, म्हणजे ८१.८. जी मुलं परीक्षेला बसलीच नाहीत त्यांच्यामुळे वरची रेघ साडेचार गुणांनी चढली! आणि ८१.८ ही रेघ परीक्षा दिलेल्या ११४ जणांपैकी जेमतेम पाच टक्के, म्हणजे पाच-सहा मुलं ओलांडतील. बक्षीस अकरा-बारा जणांना मिळायचं होतं, निम्म्यांचं गेलं.

हे सहज ओळखता येतं, फक्त कुणी ओळखायला बसत नाही. सरासरीतून तीन प्रमाण विचलनं वजा करून बघा. ११४ जणांच्या वर्गात ६२ वजा ३६ म्हणजे २६. त्याच्या खाली एखादंच पोर सापडावं. त्याऐवजी शून्यावर सहा मुलांचा घोळका दिसला, तर हा बेल कर्व्ह नाही. आधी यादी दुरुस्त करायची, मग सूत्र वापरायचं.

दुसरी खूण वरच्या टोकाला असते. प्रॅक्टिकलचे गुण घ्या. २५पैकी सरासरी २१ आणि प्रमाण विचलन साडेतीन, असा निकाल कुठल्याही कॉलेजात दिसेल. सूत्रात घातलं तर वरच्या दहा टक्क्यांची रेघ २५.५वर येते, म्हणजे पैकीच्या पैकी मिळालेलं मूलही बाहेर. सूत्र बिघडलेलं नाही. प्रसामान्य वक्राला छत नसतं आणि प्रॅक्टिकलच्या गुणांना असतं, म्हणून मुलं २३, २४, २५ला दाटीने बसतात आणि डावीकडे लांब शेपूट राहतं. अशा गुणांवर हे गणित लावूच नये असं माझं मत आहे. विद्यापीठाच्या पेपराला जे चालतं ते प्रॅक्टिकलच्या खिरापतीला चालत नाही.

मग हे गणित लावायचं कधी? यादी हाताशी असेल तर त्याची गरजच नाही. गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजायचं. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल असेच निघतात. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, भागिले त्या सत्राला बसलेले एकूण, गुणिले शंभर. त्यात ना सरासरी लागते ना प्रमाण विचलन, आणि गुणांचा आकार घंटेसारखा आहे की घसरगुंडीसारखा, याच्याशीही काही देणंघेणं नसतं. सूत्र उपयोगी पडतं ते यादी नसते तेव्हा: निकालपत्रात नुसती सरासरी आणि प्रमाण विचलन छापलेलं असतं, किंवा मागच्या वर्षांच्या अनुभवावरून रेघ परीक्षेआधीच जाहीर करायची असते.

आधी जाहीर केलेल्या रेघेवर नेमकी तितकीच मुलं येतील असं मात्र धरू नये. सगळे अंदाज अचूक निघाले तरी ११४ जणांत रेघ ओलांडणारे सरासरीने ११.४ असतात आणि त्यात तीनेकांचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. एका वर्षी आठ आले नि दुसऱ्या वर्षी चौदा, तर पेपर कठीण होता की सोपा यावर स्टाफरूममध्ये वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवटी ७७.३८चं करायचं काय हा प्रश्न उरतो, कारण गुणपत्रिकेत गुण पूर्णांकात असतात. नोटीस बोर्डावर ७७ लावायचे की ७८? पूर्णांकी गुणांत ७८ म्हणजे वक्रावर ७७.५च्या पुढचा भाग, तो ९.८ टक्के, म्हणजे अकरा मुलं. ७७ म्हणजे ७६.५च्या पुढचा भाग, तो ११.३ टक्के, म्हणजे तेरा. ‘जास्तीत जास्त दहा टक्के’ असा नियम असेल तर ७८, ‘किमान दहा टक्के’ असेल तर ७७. एका गुणावर दोन मुलं आत-बाहेर होतात, तेव्हा यातला कुठला नियम आहे ते नोटिशीत पेपरच्या आधी लिहिलेलं बरं. निकालानंतर ठरवलं तर ७७ मिळालेल्या मुलांचे पालक ऑफिसात येतील, आणि झेड टेबल त्यांना दाखवून भागणार नाही.