वहीतून ट्रॉलीवर

नर्सिंगच्या वर्गात प्रत्येक कृती एका ठरलेल्या क्रमाने शिकवली जाते: व्याख्या, उद्देश, कधी करावी, कधी करू नये, लागणारे साहित्य, प्रत्यक्ष कृती आणि शेवटी लक्षात ठेवण्याच्या बाबी. विषय समजून घ्यायला हा क्रम योग्यच आहे. पण वॉर्डात खाटेजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थिनीचे हात त्या क्रमाने चालत नाहीत. व्याख्यानावरून कृतिकार्ड करायचे म्हटले, की ‘प्रत्यक्ष कृती’ तेवढी उचलून तिला आकडे घालणे सोपे असते. मग ज्या सूचना चुकल्यास रुग्णाच्या जिवावर बेतते, त्या वहीतच मागेपुढे पडून राहतात. कार्ड करण्यातले खरे काम मला वेगळेच वाटते: प्रत्येक इशारा ज्या हालचालीशी बांधलेला आहे, तिच्या नेमका आधी तो आणून ठेवणे.

नाकातून जठरात घालायची राईल्स ट्यूब घेऊ. कवटीच्या तळाशी अस्थिभंग असेल तर ती नाकातून घालू नये, हे व्याख्यानात ‘कधी करू नये’ या भागात येते. कार्डावर त्याची जागा पहिल्या ओळीत, रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक पडताळण्याच्या शेजारी. पुढची ओळ मोजमापाची: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. तिथेच ट्यूबवर खूण करायची, कारण ट्यूब आत गेल्यावर हे मोजता येत नाही. मग रुग्णाला ताठ बसवणे, टोकाला पाण्यात विरघळणारे वंगण लावणे, ट्यूब घशाशी पोहोचली की हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगणे. याच ओळीला जोडून इशारा हवा: खोकला, गुदमरणे किंवा निळेपणा दिसला तर ट्यूब मागे घ्या. बेशुद्ध रुग्णाला खोकला येईलच असे नाही, हेही इथेच लिहायचे. म्हणजे ठसका लागला नाही याचा अर्थ ट्यूब जागेवर आहे, असा कोणी घेणार नाही.

सर्वात महत्त्वाची ओळ यानंतरची. ट्यूब श्वासनलिकेत गेली असेल आणि दूध सोडले, तर ते फुप्फुसात जाते. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्याची पद्धत अनेकांच्या हाताला बसलेली आहे, पण फुप्फुसात शिरलेली हवाही पोटावर ऐकू येऊ शकते. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ सालीच ती पद्धत वापरू नका असे बजावले. म्हणून कार्डावर लिहायचे: थांबा. द्रव ओढून पीएच पट्टीवर तपासा. ५.५ किंवा त्याहून कमी असेल तरच पुढे जा. जास्त असेल किंवा द्रव मिळालाच नाही, तर काही देऊ नका, डॉक्टरांना कळवा, एक्स-रे होऊ द्या. आम्ल कमी करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात ट्यूब जठरात असूनही पीएच वर जातो, आणि आपल्या वॉर्डांत अशी औषधे सर्रास दिली जातात. तेव्हा एक्स-रेची ही वाट अपवाद म्हणून तळटीपेत टाकता येत नाही. ती मुख्य क्रमातच हवी.

कार्डाने परिचारिका यंत्रासारखी काम करू लागेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. कार्डावर तीसेक ओळी भरल्या तर त्या वाचल्या जाणार नाहीत, ओळींपुढच्या सगळ्या खुणा शेवटी एकदम होतील. उपाय म्हणजे कार्डावर ‘का’ न लिहिणे. ‘का’ची जागा वर्गातच आहे. शिवाय हातमोजे चढल्यावर पान उलटता येत नाही. म्हणून कार्ड मोठ्या अक्षरांत ट्रॉलीवर उभे ठेवावे आणि थांब्याच्या ओळी सहकाऱ्याने मोठ्याने वाचाव्यात.

नुसत्या कागदाने निकाल बदलतो, हा दावा मात्र पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मोठ्या शिरेतील नळीच्या संसर्गावर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच नियमांचा उपक्रम राबवला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिदक्षता विभागांतला संसर्ग मोठ्या प्रमाणात घटला. पण तिथे नियम मोडला तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला होता आणि साहित्य एकाच गाडीवर तयार होते. उलट उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीच्या यादीची मोठी चाचणी झाली. २०१७ च्या निष्कर्षांत परिचारिकांचे काम सुधारलेले दिसले, पण मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. यातून मी एवढेच घेते की ट्रॉलीवर पीएच पट्ट्याच नसतील तर ‘पीएच तपासा’ ही ओळ निरुपयोगी आहे. कार्डातली प्रत्येक वस्तू वॉर्डात मिळते का, हे छपाईआधी पाहणे शिक्षिकेच्या कामातच येते.

शिक्षकांना एक विनंती. कार्ड छापण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ते देऊन पुतळ्यावर कृती करायला सांगा आणि स्वतः गप्प राहा. जिथे तिचा हात अडेल तिथे ओळ वाढवा, जिथे ती कार्डाकडे न पाहता नीट पुढे जाईल ती ओळ खोडा; मात्र थांब्याची एकही ओळ खोडू नका.