चार रिकाम्या जागा

संध्याकाळी सहाला फोनवर एका ओळीचा निरोप आला : "ताई, प्रेझेंटेशनचा आराखडा सकाळपर्यंत पाठवा." विषय दिलेला नव्हता. ऐकणारे कोण, बोलायला वेळ किती, स्लाइड किती, यातलंही काहीच नव्हतं.

अशा वेळी हात आपोआप 'प्रस्तावना, महत्त्व, आव्हानं, उपाय, समारोप' लिहायला लागतो. या आराखड्याची एक साधी परीक्षा आहे. त्यात पाण्याच्या जागी लसीकरण घालून पाहा. तरीही तो तसाच चालला, तर त्यात काही नाही.

मी पाणलोटाच्या कामात असल्यामुळे विषय पाण्याचा असणार एवढा अंदाज होता. पण तेवढ्याने भागत नाही. पहिला प्रश्न मी असा विचारला : "ऐकून झाल्यावर समोरच्यांनी काय ठरवायला हवं?" उत्तर आलं, "ग्रामसभा आहे. यंदा रब्बीला कोणती पिकं घ्यायची, ते ठरवायचंय." या एका वाक्याने विषय आणि श्रोते दोन्ही कळले. हीच मांडणी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर असती, तर ठरवायचा असता निधी, आणि सुरुवात खर्चाच्या तक्त्याने झाली असती.

मग वेळ विचारला. वीस मिनिटं. त्यातली पाच प्रश्नांना ठेवली आणि दोन प्रोजेक्टर लावण्यात, माणसं बसण्यात जाणार हे धरलं. उरली तेरा. एका स्लाइडवर साधारण दोन मिनिटं बोललं जातं, म्हणजे स्लाइड सहा. ही संख्या शेवटी आपोआप निघते. म्हणूनच ती आधी विचारण्यात फारसा अर्थ नाही.

प्रत्येक स्लाइडसाठी मी मथळ्याऐवजी पूर्ण वाक्य लिहिते. 'पावसाची आकडेवारी' या मथळ्यात सांगायचं काय ते लपतं. त्याऐवजी मी लिहिलं : "एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी." चारशे मिलिमीटर पडला, तर हेक्टरी चाळीस लाख लिटर. दुसरं वाक्य : "यातलं बरंचसं वाहून आणि वाफ होऊन जातं; विहिरीला उरतं ते थोडं." तिसरं माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्याचं, चौथं त्यानंतर शेतीसाठी काय उरतं याचं, पाचवं ऊस आणि हरभरा यांच्या गरजेतल्या फरकाचं. सहाव्या स्लाइडवर फक्त प्रश्न : "उरलेल्या पाण्यात कोणतं पीक बसतं?" ही सहा वाक्यं सलग वाचली आणि मुद्दा पुढे सरकला, तर आराखडा जमला. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर जोड कच्चा आहे.

कधी कधी उत्तरच मिळत नाही. तेव्हा मी आराखड्याच्या डोक्यावर गृहीतकं लिहून पाठवते : "ग्रामसभा, वीस मिनिटं, सहा स्लाइड धरून." चुकीचं गृहीतक वाचलं की लोक लगेच दुरुस्त करतात. त्या रात्रीही मी ही ओळ वर लिहिली होती. साडेदहाला उत्तर आलं : "वीस नाही, दहाच मिनिटं आहेत." तिसरी आणि पाचवी स्लाइड मी काढली.