मेल पुसल्या, फाईल तेवढीच!

मुकुंदवाडी आणि चिकलठाणा एमआयडीसी एकमेकींना लागूनच आहेत. जॉबवर्क करणारी लहान वर्कशॉप, वाहनांच्या सुट्या भागांचे पुरवठादार आणि त्यांची हिशेबाची कार्यालये या पट्ट्यात विखुरलेली आहेत. इथला व्यवहार मेलवर चालतो. परचेस ऑर्डर मेलवर येते, सुधारित ड्रॉइंग मेलवर येते, माल परत गेला तर डेबिट नोटही मेलवरच. आणि बहुतेक ठिकाणी या सगळ्याचा भार एकाच संगणकावरच्या एकाच फाईलवर असतो, जिच्याकडे कोणी कधी पाहिलेलेच नसते.

तिची आठवण होते ती एखाद्या सकाळी आउटलुकने नवी मेल घ्यायचे थांबवल्यावर. फाईल कमाल मर्यादेला पोचली आहे, नको असलेल्या गोष्टी कायमच्या काढून टाका, अशी सूचना पडद्यावर येते. घाबरलेला माणूस पटापट जुन्या मेल पुसतो, डिलीटेड आयटम्स रिकामे करतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. फाईलचा आकार मात्र होता तेवढाच राहतो. मेल पुसली की फाईलच्या आतली जागा मोकळी होते, पण फाईल आपली बाहेरची हद्द सोडत नाही. नव्या मेल त्या मोकळ्या जागेत बसतात. ती जागा डिस्कला परत मिळते फाईल आकसून घेतल्यावरच.

मर्यादेचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. आउटलुक 2002 पर्यंतच्या जुन्या धाटणीच्या फाईलला 2 जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडलेल्या फाईली बिघडत असत. 2003 पासून नव्या धाटणीच्या फाईलला 20 जीबी आणि 2010 पासून 50 जीबी अशी मर्यादा ठरवून दिलेली आहे. प्रत्यक्षात 47.5 जीबीच्या आसपासच नवा मजकूर घेणे थांबते, कारण उरलेला भाग आउटलुकला स्वतःच्या आतल्या कामासाठी हवा असतो. ही मर्यादा रजिस्ट्रीत वाढवता येते. पण फाईल जितकी मोठी, तितकी ती उघडायला मंद आणि बिघडली तर दुरुस्तीला अवघड.

हात लावण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी, ती म्हणजे फाईलची जात. आउटलुकमध्ये File, मग Account Settings, त्यात पुन्हा Account Settings आणि तिथला Data Files हा टॅब उघडला की फाईलचे नाव आणि जागा दिसते. शेवटी .ost असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची संगणकावरची प्रत आहे. एक्स्चेंज, मायक्रोसॉफ्ट 365 आणि 2013 पासूनची आयमॅप खाती ही जात वापरतात. शेवटी .pst असेल तर मामला नाजूक आहे. पॉप खात्याची मेल या फाईलमध्ये उतरते आणि खाते जोडताना सहसा 14 दिवसांनी ती सर्व्हरवरून काढून टाकण्याची खूण आधीच केलेली असते. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या ऑर्डरची जगातली एकमेव प्रत कदाचित त्या टेबलाखालच्या संगणकात असेल.

.ost फुगली असेल तर उपाय सोपा आहे. एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट 365 खात्याच्या सेटिंगमध्ये मेल किती काळाची संगणकावर ठेवायची, हे ठरवणारी सरकपट्टी असते. ती एका वर्षावर आणली की जुनी मेल सर्व्हरवर राहते आणि संगणकावरचा भार उतरतो. त्याउलट, जागा करण्यासाठी अशा खात्यातल्या मेल पुसत बसले तर त्या सर्व्हरवरूनही पुसल्या जातात, हे अनेकांना फार उशिरा कळते.

आता खरी कसोटी, .pst ची. समजा, मुकुंदवाडीतल्या एका पुरवठादाराच्या कार्यालयात पॉप खात्याची फाईल 46 जीबी झाली आहे आणि तिच्यात 2017 पासूनची मेल आहे. पहिले काम म्हणजे आउटलुक पूर्ण बंद करून त्या फाईलची बाह्य डिस्कवर प्रत घेणे. इथे एक अडचण हमखास येते. पेन ड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल तो घेतच नाही, त्यावर कितीही जागा मोकळी असो. डिस्क exFAT किंवा NTFS असायला हवी.

प्रत घेऊन झाली की जुनी वर्षे बाजूला काढायची. File, Info, Tools आणि Clean Up Old Items या वाटेने गेले की एक चौकट उघडते. त्यात सर्वांत वरचा फोल्डर निवडून 1 एप्रिल 2018 ही तारीख दिली आणि फाईलला 2017-18.pst असे नाव दिले, की त्या तारखेआधीची मेल या नव्या फाईलमध्ये जाते. मग 1 एप्रिल 2019 आणि 2018-19.pst, असे एकेक आर्थिक वर्ष पुढे जायचे. हिशेबनीस तसाही वर्षाप्रमाणेच कागद शोधतो. पडद्यावरचे Archive हे बटण मात्र यासाठी नव्हे. ते मेल त्याच खात्यातल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवते, त्याने फाईल हलकी होत नाही.

कधी कधी तारीख देऊनही काहीच हलत नाही. कारण आउटलुक मेल आल्याची तारीख आणि तिच्यात शेवटचा बदल झाल्याची तारीख, यांपैकी अलीकडची धरते. मागच्या वर्षी नव्या संगणकावर आयात केलेली मेल त्याच्या लेखी मागच्या वर्षीचीच ठरू शकते. अशा वेळी मेल तारखेप्रमाणे लावून, निवडून, हाताने नव्या फाईलमध्ये ओढून न्यावी लागते.

हलवल्यावर पडताळणी करायची. जुन्या फाईलच्या प्रतीतले आणि नव्या फाईलमधले एकेका फोल्डरचे आकडे जुळवून पाहायचे, चार-दोन मेलच्या सोबतची ड्रॉइंग उघडून बघायची. मगच मूळ फाईलकडे वळायचे. Data Files मध्ये ती निवडून Settings दाबले की Compact Now हे बटण मिळते. मोठ्या फाईलला यात काही तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर फाईल बिघडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम यूपीएसवर आणि संध्याकाळी कार्यालय सुटताना लावावे. आपल्या उदाहरणात 20 जीबी मेल बाहेर गेली असेल, तर फाईल 46 वरून 26 च्या जवळपास आलेली दिसेल. आकार हललाच नाही, तर डिलीटेड आयटम्स अजून भरलेले आहेत किंवा आकसणे पूर्ण झालेले नाही. आउटलुक फाईल उघडायलाच नकार देत असेल, तर ऑफिससोबत येणारा SCANPST.EXE चालवता येतो. तोही मूळ फाईलवर नव्हे, प्रतीवर आधी.

वर्षवार फाईली ठेवायच्या कुठे? नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये .pst उघडी ठेवून काम करू नये. मायक्रोसॉफ्ट या वापराला पाठिंबा देत नाही आणि फाईल बिघडण्याचे ते एक जुने कारण आहे. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असेल तरी अडचण येते, कारण .pst तिथेच असते, आउटलुक ती धरून ठेवते आणि प्रत्येक छोट्या बदलानंतर ती मोठी फाईल वर चढवण्याचा खटाटोप सुरू होतो. ती C: ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि बंद केलेल्या वर्षांच्या फाईली दोन वेगळ्या डिस्कांवर जपाव्यात.

किती वर्षे, याचे उत्तर कायद्यात आहे. जीएसटी कायद्याच्या 36व्या कलमानुसार हिशेब आणि त्याची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. 2023-24 या वर्षाची ती तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या वर्षाची फाईल 31 डिसेंबर 2030 पर्यंत पुसता येणार नाही. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा ही मुदत, यांपैकी जे नंतर येईल ते. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. त्यामुळे पुसायचे ते जाहिरातींचे, सणाच्या शुभेच्छांचे आणि एकच ड्रॉइंग दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या साखळ्यांचे. आकारानुसार मेल लावल्या की 5 एमबीपेक्षा मोठ्या मेल वर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच अशा पुनरावृत्तीच निघतात.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 आणि आउटलुक 2016 व 2019 यांचा अधिकृत पाठिंबा संपला आणि अनेक कार्यालयांत संगणक बदलण्याची वेळ आली. पॉप खाते नव्या यंत्रावर जोडले की फक्त सर्व्हरवर शिल्लक असलेले काही दिवसांचे टपाल उतरते; .pst आपोआप सोबत येत नाही. ती हाताने आणून File, Open & Export, Open Outlook Data File या वाटेने उघडावी लागते. नव्या आउटलुकमध्ये .pst वरची कामे अजून मर्यादित असल्याने जुने, म्हणजे क्लासिक, आउटलुकही बसवून ठेवावे. आणि जुने यंत्र भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यावर *.pst असा शोध घेऊन सापडलेली प्रत्येक फाईल बाहेर काढावी.