दुकानाची चोपडी कोणाच्या कुलुपात?

मी व्यापारी नव्हे, युनियनचा कार्यकर्ता. परंतु आमच्या कामगारांचे एक ग्राहक भांडार आहे. त्याच्या गल्ल्यामागे बसून मी जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही बिले करण्याचे एक सॉफ्टवेअर घेतले. विकणाऱ्याने पन्नास सोयी दाखविल्या आणि आम्ही भुललो. पुढे वार्षिक वर्गणी वाढली, म्हणून दुसरे घ्यायचे ठरले. तेव्हा कळले की जुन्यातून हिशेब केवळ छापील पानांसारखा, म्हणजे PDF मध्ये, निघतो. ते पान वाचता येते, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला चालत नाही. चारशेहून अधिक जिन्नस आणि सभासदांची उधारी आम्ही रात्री बसून पुन्हा टाकली. त्या घाईत एका सभासदाच्या नावे रक्कम दोनदा चढली, आणि संशय आला तो गल्ल्यावरच्या पोरावर. जुनी बिले एकेक काढून दाखविली तेव्हा त्याच्यावरचा डाग गेला.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: आमची माहिती आम्हांला परत कशी मिळेल? विकणारा म्हणतो, "बॅकअप आहे की!" पण बॅकअप वेगळा. तो बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. आपल्याला हवी ती कोणत्याही तक्त्यात उघडणारी CSV किंवा एक्सेलची फाइल. तीही तीन प्रकारची: जिन्नसांची, बिलांची आणि उधारीची. बिलांच्या फाइलमध्ये नुसती बेरीज नको. प्रत्येक जिन्नसाची निराळी ओळ, वजन, दर आणि कर हवा. उधारीतही केवळ शिल्लक नको. कोणत्या बिलाचे किती राहिले आणि केव्हा किती भरले, ते हवे.

ही परीक्षा पैसे देण्यापूर्वी घ्यावी. चाचणीच्या मुदतीत वीस जिन्नस, पाच गिऱ्हाइके आणि दहा बिले टाका. त्यांत एक बिल रद्द केलेले आणि एक अर्धे उधारीचे असू द्या. मग फाइल काढून दुसऱ्या संगणकावर उघडा. ओळी मोजा, बेरीज ताडून पाहा, मराठी नावे नीट वाचता येतात का ते बघा. बारकोडकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडचे पुष्कळ बारकोड 890 ने सुरू होणारे तेरा आकडी असतात. एक्सेल त्यांना मोठी संख्या समजून `8.90123E+12` असे दाखवते, आणि तसेच जतन केले तर मागचे आकडे कायमचे जातात. म्हणून फाइल आणताना तो रकाना संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यावा.

याचा उपयोग सॉफ्टवेअर बदलतानाच होतो असे नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. साबण, केसांचे तेल 18 टक्क्यांवरून 5 वर आले. ज्याला जिन्नसांची यादी बाहेर काढून, दर सुधारून परत आत घालता आली, त्याचे काम एका बैठकीत झाले. बाकीच्यांना एकेक जिन्नस उघडावा लागला.

आता किंमत. ती पाच वर्षांची मोजावी. समजा, एकाची वर्गणी वर्षाला 3,600 रुपये. पाच वर्षांचे 18,000. दुसरे एकदाच 12,000 आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे 1,500. तेही 18,000 च. मग निवड कशावर करायची? वर्गणी थांबली तर जुनी बिले दिसतील का, एवढे विचारा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दुकानदाराने हिशेब, वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. वर्गणी संपताच कुलूप लागत असेल, तर ते सॉफ्टवेअर स्वस्त नव्हे. अशा ठिकाणी दर महिन्याला फाइल काढून आपल्यापाशी ठेवावी.

सोपेपणाचा निकाल मालकाने देऊ नये. जो गल्ल्यावर बसतो, त्याला बसवावे. दहा जिन्नस, त्यात 350 ग्रॅम सुटी डाळ, एक जिन्नस परत, थोडे रोख आणि बाकी उधार, असे बिल त्याला न शिकविता करू द्या आणि घड्याळ लावा. मग इंटरनेट बंद करून तेच पुन्हा करा. संध्याकाळच्या रांगेत जो अडेल, तो येथेच दिसेल.

सोयींचा विचार शेवटी. बिल, कर, साठा आणि उधारी एवढे नीट झाले, की आमच्यासारख्या दुकानाचे भागते. दोन सॉफ्टवेअर तुल्यबळ वाटली, तर ज्यातून बाहेर पडणे सोपे ते घ्यावे. कागदाची चोपडी दुकानदाराच्या पेटीत असे आणि किल्ली त्याच्या कमरेला. संगणक आला म्हणून ती किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याचे कारण नाही.