शवासनात ‘शव’ का असतं? योगवर्गात रोज ऐकू येणाऱ्या तीन शब्दांचा नेमका अर्थ

योगवर्ग संपायला दहा मिनिटं उरली की शिक्षक म्हणतात, ‘आता सगळ्यांनी शवासनात या.’ वर्गातल्या निम्म्या लोकांना ते ‘श्वासन’ असं ऐकू येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वेळापत्रकातही बऱ्याचदा ‘श्वासन, ५ मिनिटे’ असंच टाइप केलेलं असतं. मग काही जण आडवे पडून जोरजोरात श्वास घ्यायला लागतात, कारण त्यांना वाटतं की हे श्वासाचं आसन आहे.

पण या शब्दाचा श्वासाशी काहीही संबंध नाही. शव अधिक आसन, म्हणजे शवासन. ‘श्वास’ आणि ‘आसन’ यांचा संधी केला असता तर शब्द ‘श्वासासन’ असा झाला असता. त्यात आणखी एक गोंधळ म्हणजे ‘श्वानासन’. हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर, आळस देणाऱ्या कुत्र्यासारखी स्थिती असते ते अधोमुख श्वानासन. श्वास, शव आणि श्वान, तिन्ही शब्द कानाला जवळचे आणि अर्थाने एकमेकांपासून कोसभर लांब.

उच्चाराची चूक फार मोठी नाही, पण अर्थ चुकला की कृतीही चुकते. कारण आसन, प्राणायाम आणि शवासन ही नुसती नावं नाहीत. नेमकं काय करायचं, ते त्या शब्दांतच सांगितलेलं आहे.

उभं राहायचं, तरी ‘आसन’ कसं?

‘आसन’ हा शब्द मराठी माणसाला योगाच्या आधीपासून ओळखीचा आहे. पूजेला बसताना खाली घालतो ते आसन, राजाचं सिंहासन, एसटीच्या तिकिटावरचा आसन क्रमांक. संस्कृतमध्ये ‘आस्’ हा धातू आहे आणि त्याचा पहिला अर्थ बसणं. म्हणून आसन म्हणजे बसण्याची क्रिया, बसण्याची पद्धत आणि ज्यावर बसतो ती वस्तूही.

पतंजलींच्या योगसूत्रांमध्ये आसनाबद्दल जेमतेम तीन सूत्रं आहेत. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढीच अपेक्षा आहे. ध्यानासाठी बराच वेळ बसायचं, तर पाय दुखून चालणार नाही, असा तो साधा हिशोब. पुढे पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात १५ आसनं येतात. त्यातलीही बहुतेक बसूनच करायची आहेत आणि उभं राहून करायचं त्यात एकही नाही.

मग वृक्षासनात आपण एका पायावर उभे असतो, त्याला आसन का म्हणायचं? तर ‘आस्’ या धातूचा दुसरा अर्थ आहे राहणं, टिकून असणं. वृक्षासन म्हणजे झाडासारखं बसणं नव्हे, झाडासारखं एका जागी राहणं. शरीर कोणत्या आकारात आहे ते शब्दाच्या पहिल्या भागात कळतं. त्या आकारात राहा, हे दुसरा भाग सांगतो.

वर्गात नेमका हाच दुसरा भाग हरवतो. त्रिकोणासनाचं उदाहरण घ्या. हात पावलापर्यंत पोहोचला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण पोहोचताना श्वास कोंडला असेल, दात आवळले असतील आणि गुडघा थरथरत असेल, तर आकार त्रिकोणाचा झाला, आसन अजून झालं नाही. तोच हात नडगीवर किंवा खाली ठेवलेल्या विटेवर टेकवला आणि चार-पाच श्वास नेहमीसारखे, आवाज न करता घेता आले, तर दिसायला कमी सुंदर असलं तरी ते शब्दाच्या अर्थाने आसन आहे. रीलमध्ये अर्थातच पहिलं जास्त छान दिसतं.

प्राणायाम म्हणजे श्वास रोखणं?

बहुतेक जण प्राणायामाचा अर्थ ‘श्वासावर नियंत्रण’ असा सांगतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. हा शब्द प्राण आणि यम यांचा असता, तर तो ‘प्राणयम’ झाला असता. इथे दुसरा शब्द ‘आयाम’ आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘या प्रश्नाला नवा आयाम मिळाला.’ आयाम म्हणजे लांबी, विस्तार, ताणून वाढवणं. व्यायाम या शब्दातही हाच आयाम आहे. त्याच्या मुळाशी ‘यम्’ हा धातू आहे, ज्यापासून संयम आणि नियमही आले. म्हणून आयामाला आवरण्याचीही छटा आहे. दोन्ही अर्थ जोडले तर चित्र स्पष्ट होतं: श्वास आवरत आवरत लांबवणं.

आणि प्राण? ‘अन्’ म्हणजे श्वास घेणं, त्याला ‘प्र’ लागून प्राण झाला. म्हणून श्वास घेणारा तो प्राणी. पण मराठीत ‘प्राण कंठाशी आले’ म्हणताना आपल्याला फक्त हवा अभिप्रेत नसते. योगग्रंथांतही प्राण म्हणजे जगवणारी शक्ती आणि श्वास ही तिची हाताला लागणारी दोरी. गडबड होते ती प्राणवायू या शब्दामुळे. ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो, त्यामुळे जोरजोरात श्वास घेतला की जास्त प्राण मिळतो, असा समज होतो. प्रत्यक्षात निरोगी माणूस शांत बसलेला असतानाही त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेलं असतं. भराभर श्वास घेतल्याने त्यात फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि डोकं हलकं होणं, बोटांना मुंग्या येणं असे प्रकार सुरू होतात. कोणी याला ‘शक्ती जागी होतेय’ म्हणत असेल, तर तिथे थांबावं आणि श्वास नेहमीच्या गतीवर येऊ द्यावा.

वर्गात प्राणायामाबरोबर आणखी तीन शब्द येतात. पूरक म्हणजे भरणारा, श्वास आत घेणं. रेचक म्हणजे रिकामा करणारा, श्वास सोडणं. (पोट साफ करणाऱ्या औषधालाही रेचक म्हणतात, ते याच अर्थाने.) आणि कुंभक म्हणजे श्वास थांबवणं. हा शब्द कुंभ, म्हणजे घड्यावरून आला आहे. काठोकाठ भरलेल्या घड्यातलं पाणी हलत नाही, तसा आतला श्वास निवांत असावा. छाती फुगवून, गळा आवळून धरलेला श्वास या शब्दात बसत नाही.

परंपरेत पूरक, कुंभक आणि रेचक यांचं १:४:२ असं प्रमाण सांगितलं जातं. म्हणजे चार अंक मोजत श्वास घेतला, तर सोळा अंक थांबायचं आणि आठ अंकांत सोडायचा. हे प्रमाण एखाद्या व्हिडिओत बघून पहिल्याच दिवशी करायला गेलं, की काय होतं ते ठरलेलं आहे. सोळा मोजेपर्यंत चेहरा लाल होतो, सोडताना श्वास एकदम भसकन सुटतो आणि पुढचा श्वास घशातून ओढून घ्यावा लागतो. लांबवायला निघालो आणि श्वास आखूड झाला. म्हणजे शब्दाच्या बरोबर उलटं घडलं.

आयाम वाढवायचा सरळ रस्ता वेगळा आहे. सुरुवातीला कुंभक नकोच. चार अंक घ्यायचा, चार अंक सोडायचा. काही दिवस हे सहज जमलं की सोडताना पाच, मग सहा. आपण फार लांबवतोय का, हे ओळखायची खूण पुढच्या श्वासात असते. तो गडबडीने किंवा हपापल्यासारखा आला, तर आकडा एकाने कमी करायचा. जुन्या हठयोगाच्या ग्रंथातही प्राणाला हिंस्र जनावरासारखं हळूहळू माणसाळवायला सांगितलंय आणि घाई केली तर ते उलटतं, असा इशाराही दिलाय. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुंभक करू नये.

एक गंमत म्हणजे, घराघरांत प्राणायाम म्हणून होणारी कपालभाती ‘हठप्रदीपिके’त प्राणायामात मोजलेलीच नाही. ती शुद्धिक्रियांमध्ये येते. त्यात श्वास लांबवत नाहीत, झटक्याने सोडतात. त्यामुळे शब्दाच्या अर्थानेही ती प्राणायामात बसत नाही.

शव म्हणजे प्रेतच, दुसरं काही नाही

आता शेवटचा शब्द. शव म्हणजे मृतदेह. भरल्या घरात असला अभद्र शब्द कशाला, असं ज्येष्ठांना वाटतं, म्हणून काही शिक्षक नुसतं ‘विश्रांती घ्या’ म्हणतात. ग्रंथांना असा संकोच नव्हता. ‘हठप्रदीपिके’त जमिनीवर प्रेतासारखं उताणं पडायला सांगितलंय आणि त्याने थकवा जातो, मनाला विसावा मिळतो असं म्हटलंय. ‘घेरंडसंहिते’ने तर याला मृतासन असंच थेट नाव दिलंय.

शवच का, याचं उत्तर करून बघितलं की मिळतं. आपण झोपायला आडवे होतो तेव्हाही बरंच काही करत असतो. उशी सरकवतो, कूस बदलतो, जबडा घट्ट धरतो. शव यातलं काहीच करत नाही. त्याचा हात जिथे ठेवला तिथेच राहतो. म्हणून शवासनात सगळी जुळवाजुळव आधी करून घ्यायची. पाय एकमेकांपासून फूट-दीड फूट लांब, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर. थंडी वाजत असेल तर पांघरूणही आधीच. त्यानंतर हलायचं नाही. इथे श्वाससुद्धा मुद्दाम खोल घ्यायचा नाही, कारण तेही एक काम झालं. ‘श्वासन’ समजून दीर्घ श्वास घेणारे नेमकं तेच काम करत बसतात.

झोप लागली तर? बिघडत काहीच नाही, पण मग ते शवासन राहत नाही. अंग शवासारखं सैल आणि मन जागं, हे यातलं अवघड काम आहे. फरक ओळखायला सोपा आहे. शिक्षकांचं पुढचं वाक्य ऐकू आलं तर शवासन चालू होतं, शेजाऱ्याने हलवून उठवावं लागलं तर झोप. रोजच पहिल्या दोन मिनिटांत झोप लागत असेल, तर बहुधा रात्रीची झोप अपुरी आहे.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं पडणं टाळतात आणि डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडतात. बाकी सगळ्यांनी पाच ते दहा मिनिटांनी आधी हातापायाची बोटं हलवायची, मग एका कुशीवर वळायचं, तिथे दोन-तीन श्वास थांबायचं आणि हाताने जमीन ढकलत सावकाश उठून बसायचं. एकदम उठलं तर चक्कर येऊ शकते.